ओटीबाहेर बासरी नको

यूट्यूबवर ‘हॉस्पिटल वेटिंग’साठी शोधलं की बासरी, पाऊस आणि संथ पियानो मिळतो. या शांततेवर माझा राग आहे. शिक्रापुरात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, तेव्हा मी दोन्ही कानांत इअरबड्स घालून हेच ऐकत बसलो होतो.

बासरीला शब्द नसतात. काळजी मात्र शब्दांतच येते: साखर वाढली तर? भूल उतरलीच नाही तर? सुरांच्या मोकळ्या जागेत हे प्रश्न आणखी ठळक ऐकू येतात. पाठ असलेल्या गाण्याचं तसं नसतं. पुढची ओळ आठवायची असते, त्यामुळे तेवढा वेळ तरी जीभ आणि डोकं दोन्ही गुंतलेली राहतात.

संगीताने भीती कमी होते असं संशोधन सांगतं, हे मान्य. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा २६ चाचण्या आहेत. पण त्या ऑपरेशनची वाट बघणाऱ्या पेशंटवरच्या. पेशंटला फक्त पडून राहायचं असतं. बाकड्यावरच्या नातेवाइकाला औषधं आणायची असतात, सही करायची असते, नावाची हाक ऐकायची असते. त्याचे कान बंद करणारं गाणं कितीही गोड असलं तरी चुकीचंच.

माझं तेच झालं. सिस्टरने दोनदा हाक मारली. शेवटी आत्याने दंड हलवला, “आरं, तुलाच हाका मारत्यात!” एक इंजेक्शन खालून आणायचं होतं, एवढंच. पण उठताना पाय लटपटत होते.

आत्या हरिपाठ म्हणत होती, ओठांतल्या ओठांत. सत्तावीस-अठ्ठावीस अभंग, प्रत्येकात फिरून तेच ध्रुवपद. पाठ असणाऱ्याचा अर्ध्या तासात होतो. ओळ संपेपर्यंत श्वास सोडत राहावा लागतो, म्हणून तो आपोआप लांबतो. कान मोकळे, बॅटरीची चिंता नाही, मध्येच जाहिरात नाही. देव मानत नसाल तर गदिमांचं ‘इंद्रायणी काठी’ घ्या, नाहीतर सिनेमातलं काहीही. अट एकच, अख्खं पाठ हवं. आणि सगळ्यात लाडकं गाणं तेवढं नको. नंतर ते कधीही लागलं तरी फिनेलचा वास येतो.

प्लेलिस्टचा आणखी एक घात. डॉक्टर म्हणाले होते, “तासाभराचं काम.” मी तासाभराचीच यादी लावली होती. ती संपली, दार बंदच. तो तास फक्त चिरण्यापासून टाक्यांपर्यंतचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी पाठीत भूल द्यायची, ती चढू द्यायची. नंतर बीपी बघत रिकव्हरीत ठेवायचं. साडेनऊला आत गेलेले बाबा पावणेबाराला बाहेर आले. यादी संपल्यावरचा तो सव्वा तास मी फक्त घड्याळ बघत काढला.

स्ट्रेचर आलं तेव्हा आत्याचा तिसरा हरिपाठ चालू होता. तिने हातानेच मला पुढे हो म्हणून खुणावलं आणि चालू अभंग पुरा करूनच उठली.