वेटिंग बीन हॅज

आमच्या इंग्रजीच्या शिक्षकांत एक मत पक्कं रुजलेलं आहे. ‘शब्द योग्य क्रमाने लावून वाक्य तयार करा’ हा प्रश्न म्हणजे फुकटचे गुण. शब्द दिलेले, रूपं दिलेली, पोरांनी नुसते मणी ओवायचे. त्यात कसलं आलंय व्याकरण? त्यापेक्षा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारखं मराठी वाक्य द्यावं आणि इंग्रजी करून घ्यावं, असं जुने लोक म्हणतात. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. आज मी उलट बाजूने बोलणार आहे, पण पूर्वपक्षाला न्याय देऊनच, कारण तो निम्मा खरा आहे.

आधी माझं मत फिरलं कसं ते सांगतो. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून मी पत्ते केले होते. एका पत्त्यावर एक शब्द: शी, हॅज, बीन, वेटिंग, सिन्स, मॉर्निंग. आठवीतल्या एका मुलीने ते बाकावर असे मांडले: ‘शी मॉर्निंग सिन्स वेटिंग बीन हॅज’. शेजारची हसली. मीही चूक म्हणून पत्ते उचलणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की हे मराठी आहे, अगदी शुद्ध मराठी. ‘ती सकाळपासून वाट बघत आलेली आहे.’ मॉर्निंग सिन्स म्हणजे सकाळ-पासून, आणि वेटिंग बीन हॅज म्हणजे बघत-आलेली-आहे. पोरीने एकही शब्द अंदाजपंचे ठेवला नव्हता. तिने इंग्रजी वाक्य मराठीच्या आरशात धरलं होतं.

हा आरसा वर्गात फारसा कुणी दाखवत नाही. मराठीत मुख्य धातू आधी येतो आणि साहाय्यक क्रियापदं त्याच्यामागून: ‘करत राहिला असेल’. इंग्रजीत हीच रांग उलटी: ‘विल हॅव बीन डुइंग’. ‘असेल’ शेवटी, तर ‘विल’ सुरुवातीला. ‘पासून’ नामाच्या मागे, तर ‘सिन्स’ नामाच्या पुढे. गाळलेल्या जागा भरायला दिल्या असत्या तर ही उलटापालट मला कधी दिसलीच नसती. तिथे जागा आधीच ठरलेल्या असतात. पत्त्यांच्या खेळात जागाच मुलाने ठरवायची असते, म्हणून त्याच्या डोक्यातलं व्याकरण बाकावर उघडं पडतं.

आता ‘नुसते मणी ओवणं’ या आरोपाकडे वळू. सहा पत्त्यांच्या मांडण्या होतात 720. मणी ओवायचे असते तर पोरं दिवसभर ओवत बसली असती. पण एक गाठ मारली की गंमत होते. हॅजच्या मागून क्रियापदाचं तिसरं रूप यायला हवं, आणि सहापैकी तसं रूप एकच, बीन. बीनच्या मागून इथे आयएनजीवालं हवं, तेही एकच, वेटिंग. तीन पत्ते चिकटले. सिन्स आणि मॉर्निंगही चिकटले. उरले तीन तुकडे आणि त्यांच्या सहा मांडण्या. त्यातल्या दोन सहज चालतात: ‘शी हॅज बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग’ आणि ‘सिन्स मॉर्निंग शी हॅज बीन वेटिंग’. ही गाठ मारणं हेच तर पूर्ण आणि अपूर्ण काळाचं व्याकरण. चॉम्स्कीने 1957 च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये इंग्रजी साहाय्यक क्रियापदांची हीच रांग मांडली: प्रत्येक साहाय्यक आपल्या पुढच्या शब्दाचं रूप ठरवतो, स्वतःचं नव्हे. हॅव आलं की पुढच्याला तिसरं रूप, अपूर्ण काळाचं बी आलं की पुढच्याला आयएनजी. आगगाडीच्या डब्यांसारखं, प्रत्येकाची कडी मागच्या डब्यात. व्याख्या पाठ करून हे कळायला महिना लागतो. पत्ते हातात असले की तासाभरात कळतं, कारण चुकीचा डबा जोडला की पुढचा पत्ता बसतच नाही.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र मला मान्यच करावा लागतो. आपली मुलं जी चूक खरोखर करतात ती या प्रश्नात पकडलीच जात नाही. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘ती सकाळपासून वाट बघत आहे’. म्हणून बोलताना मुलांच्या तोंडून ‘शी इज वेटिंग सिन्स मॉर्निंग’ येतं. हॅज आणि बीन आयते हातात दिले की ही खोड लपते. यावर मी एक सोपा उपाय करतो: पत्त्यांत एक ‘इज’ही टाकतो आणि सांगतो, नको ते पत्ते बाजूला ठेवा, किती ते विचारू नका. मग पाहा. निम्म्या बाकांवर इज बसलेला असतो, हॅज-बीन बाहेर पडलेले असतात, आणि त्या दिवशीचा तास त्या दोन बिचाऱ्या पत्त्यांवरच जातो. प्रश्नाला नावं ठेवणाऱ्यांनी एवढा एक पत्ता वाढवून पाहिला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

माझा खरा राग निराळ्याच गोष्टीवर आहे: उत्तरसूचीवर. तिच्यात प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर छापलेलं असतं. इंग्रजीला शब्दक्रम कडक लागतो हे खरं, पण तो एकच असतो हे खोटं. हे पाच शब्द घ्या: ही, हॅड, हिज, हेअर, कट. ‘ही हॅड कट हिज हेअर’ लावलं तर पूर्ण भूतकाळ, त्याने स्वतःच कात्री चालवली होती. ‘ही हॅड हिज हेअर कट’ लावलं तर गडी सलूनमध्ये जाऊन केस कापून आला. पहिल्याला मराठीत ‘कापले होते’, दुसऱ्याला ‘कापून घेतले’. शब्द तेच, एक पत्ता दोन घरं सरकला आणि कात्री दुसऱ्याच्या हातात गेली. जाता जाता सांगतो, पहिल्या वाक्याच्या दूरच्या पूर्वजाची मांडणी या दुसऱ्यासारखीच होती. जुन्या इंग्रजीत हॅवचा अर्थ ‘जवळ असणं’ हा होता, कर्म मध्ये येई आणि तिसरं रूप त्या कर्माचं विशेषण असे. पुढे ते रूप हॅवला येऊन चिकटलं आणि त्यातूनच आजचा पूर्णकाळ तयार झाला. म्हणजे दोन मांडण्यांच्या मधल्या त्या दोन घरांत इंग्रजीचा सगळा इतिहास आहे, आणि आपण तिथे लाल रेघ मारतो.

एका चाचणीत माझ्याच एका विद्यार्थ्याने ‘हॅज शी बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग’ असं लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी शून्य दिलं. प्रश्नपत्रिकेत शेवटी ना पूर्णविराम होता ना प्रश्नचिन्ह, पहिला शब्दही मोठ्या अक्षराने सुरू केलेला नव्हता. त्या पोराने केवढं काम केलं होतं! प्रश्न करताना गाडीचा फक्त पहिला डबा सुटून पुढे जातो आणि बीन वेटिंग जिथल्या तिथे राहतं, हे त्याला कळलं होतं. मी बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “सर, सूचीत नाही.”

तेव्हा उत्तरसूची करणाऱ्यांना एवढीच विनंती: एक तर वाक्याच्या शेवटी चिन्ह छापा, नाही तर उत्तराखाली ‘व्याकरणाने बसणारं कोणतंही वाक्य ग्राह्य’ अशी एक ओळ टाका. आणि ‘वेटिंग बीन हॅज’ लिहिणारी मुलगी भेटली, तर गुण कापा हवे तर, पण तिला विचारा, मराठीत तू हे कसं म्हणशील?