विश्लेषण : आरएसआय ७० च्या वर गेला, म्हणजे शेअर विकायचाच का?

शेअर बाजाराच्या जवळपास प्रत्येक मोबाइल ॲपवर भावाच्या आलेखाखाली वरखाली होणारी एक रेष दाखवता येते. ती रेष म्हणजे आरएसआय. रेष ७० च्या वर गेली की बाजूला ‘ओव्हरबॉट’ असा शेरा दिसतो, बहुतेकदा लाल रंगात. मराठीत त्याला अतिखरेदी म्हणतात. खरेदीचा अतिरेक झाला, म्हणजे आता भाव पडणार, म्हणजे विकून मोकळे व्हावे, असा अर्थ अनेक जण लगेच काढतात. मात्र हा आकडा कसा तयार होतो हे एकदा पाहिले, तर त्यात ‘विका’ असे कुठेही म्हटलेले नाही हे ध्यानात येते. डिसेंबर २०२३ मधील निफ्टीची चाल हे त्याचे नेमके उदाहरण आहे.

आरएसआय कोणी आणला आणि तो काय मोजतो?

अमेरिकेतील जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये आपल्या पुस्तकातून हा निर्देशांक मांडला. शिक्षणाने ते मेकॅनिकल इंजिनीअर होते. ‘रिलेटिव्ह स्ट्रेंग्थ इंडेक्स’ या नावामुळे एका शेअरची दुसऱ्या शेअरशी किंवा निफ्टीशी तुलना होत असावी, असा समज होतो. तशी तुलना यात नसते. एकाच शेअरच्या चढत्या दिवसांतील वाढ त्याच शेअरच्या उतरत्या दिवसांतील घटीशी ताडून पाहिली जाते. शेअर स्वस्त आहे की महाग, कंपनीचा नफा किती, बाजारात कोणती बातमी आहे, यातले काहीही या गणितात येत नाही. गणितात जातात ते फक्त बंद भाव.

गणित नेमके कसे होते?

वाइल्डर यांनी १४ सत्रांचा काळ धरला आणि आजही बहुतेक ॲपवर तोच ठेवलेला असतो. प्रत्येक सत्राचा बंद भाव आदल्या सत्रापेक्षा किती वाढला किंवा किती घटला ते लिहायचे. वाढीची बेरीज वेगळी, घटीची वेगळी. दोन्हींना १४ ने भागले की सरासरी वाढ आणि सरासरी घट मिळते. सरासरी वाढीला सरासरी घटीने भागले की आरएस हे गुणोत्तर येते. ते पुढील सूत्रात बसवायचे :

```
RSI = 100 − 100 / (1 + RS)
```

सूत्र अवघड वाटले तरी त्याचा अर्थ सोपा आहे. या काळात भाव वरखाली मिळून एकूण जेवढा हलला, त्यातली किती टक्के हालचाल वरच्या दिशेने होती, एवढेच ते सांगते. आरएसआय ७० म्हणजे दर १०० अंशांच्या हालचालीत ७० अंश वर आणि ३० अंश खाली. ५० म्हणजे दोन्ही बाजू सारख्या.

आता निफ्टीचे प्रत्यक्ष आकडे पाहू. १२ नोव्हेंबर २०२३ च्या मुहूर्ताच्या सौद्यांपासून १ डिसेंबरपर्यंत बरोबर १४ सत्रे झाली. त्यातील नऊ सत्रांत निफ्टी वाढला आणि पाच सत्रांत घटला. वाढीची बेरीज सुमारे १,०१३ अंश, घटीची सुमारे १७० अंश. म्हणजे सरासरी वाढ ७२.३५ आणि सरासरी घट १२.१७. गुणोत्तर ५.९५ येते आणि आरएसआय ८५.६. दुसऱ्या वाटेने गेलो, तरी एकूण १,१८३ अंशांच्या हालचालीत १,०१३ अंश वर, म्हणजे ८५.६ टक्के.

मग ॲपवर वेगळा आकडा का दिसतो?

वरील साधी सरासरी फक्त पहिल्यांदा काढायची असते. त्यानंतर दररोज आदल्या दिवसाच्या सरासरीला १३ ने गुणायचे, त्यात आजची वाढ किंवा घट मिळवायची आणि १४ ने भागायचे, ही वाइल्डर यांची पद्धत. त्यामुळे जुना दिवस पंधराव्या दिवशी हिशेबातून एकदम बाहेर पडत नाही, त्याचा प्रभाव हळूहळू विरत जातो. ऑक्टोबर २०२३ च्या उत्तरार्धात निफ्टी बराच घसरला होता. मागील अनेक महिन्यांचे भाव घेऊन गणित करणाऱ्या ॲपमध्ये त्या घसरणीचा अंश डिसेंबरच्या सुरुवातीलाही शिल्लक होता. म्हणून तेथे १ डिसेंबरचा आरएसआय ८५ नव्हे, तर पंच्याहत्तरीच्या आसपास येतो. दोन ॲपवर दोन आकडे दिसले, तर एक चूक असेलच असे नाही. आधी दोन्हीकडे किती सत्रांचा काळ निवडला आहे आणि गणित किती मागून सुरू केले आहे, ते पाहावे. मात्र येथे कोणत्याही पद्धतीने आकडा ७० च्या वर होता, म्हणजे ‘ओव्हरबॉट’चा शेरा लागलेलाच होता.

शेरा पाहून विकले असते तर?

१ डिसेंबरला निफ्टी २०,२६७.९० वर बंद झाला होता. रविवारी, ३ डिसेंबरला विधानसभा निवडणुकांचे निकाल लागले आणि मध्य प्रदेश, राजस्थान व छत्तीसगडमध्ये भाजपला बहुमत मिळाले. सोमवारी निफ्टी ४१८.९० अंशांनी, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा जास्त वाढला. ‘अतिखरेदी’ होऊन बसलेल्या बाजारात आणखी खरेदी झाली. वरचेच गणित पुढे नेले, तर आरएसआय ८९.६ वर गेला. वर्षअखेर, २९ डिसेंबरला निफ्टी २१,७३१.४० वर होता. १ डिसेंबरच्या पातळीपेक्षा हा आकडा ७ टक्क्यांहून अधिक वर आहे.

मध्ये घसरण झालीच नाही असे नाही. २० डिसेंबरला निफ्टी एका दिवसात ३०३ अंशांनी पडला. त्या एका सत्रात आपल्या गणितातील आरएसआय ८७ वरून ७१ वर आला आणि ॲपवर तो सत्तरीच्या जरासा खाली गेला. पण तेव्हा निफ्टी कुठे होता? २१,१५०.१५ वर, म्हणजे १ डिसेंबरपेक्षा तब्बल ८८२ अंश वर. ‘भाव खाली आला की परत घेऊ’ म्हणून विकणाऱ्याला जुन्या भावात परत शिरायची संधी या घसरणीने दिलीच नाही. आरएसआय खाली येणे आणि भाव विक्रीच्या पातळीखाली येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गल्लत होते ती नेमकी येथेच.

असे का होते?

कारण गणिताच्या रचनेतच आहे. आरएसआयला १०० ची कमाल मर्यादा आहे, भावाला अशी कोणतीही मर्यादा नाही. बाजार ठरावीक पट्ट्यात वरखाली होत असेल, तर काही दिवसांची वाढ पुढच्या काही दिवसांच्या घटीने भरून निघते. वर आणि खाली यांचा वाटा पुन्हा निम्म्या-निम्म्याकडे येतो. अशा बाजारात ७० चा आकडा बऱ्याचदा पट्ट्याच्या वरच्या टोकाशी येतो आणि विकण्याचा संकेत म्हणून उपयोगी पडतो.

तेजीत चित्र वेगळे असते. तिथे घटीचे दिवस येतात, पण घट लहान असते. वरच्या १४ सत्रांत सर्वांत मोठी घट ८२ अंशांची होती आणि सर्वांत मोठी वाढ २३२ अंशांची. अशी स्थिती टिकली, की आरएसआय आठवडेच्या आठवडे ७० च्या आसपास किंवा वर राहू शकतो. त्यासाठी भाव फार वेगाने वाढायचीही गरज नसते, घट किरकोळ राहिली तरी पुरते. म्हणून तेजीत ७० हा आकडा थकव्यापेक्षा ताकदीची खूण ठरू शकतो. अँड्र्यू कार्डवेल या अमेरिकी अभ्यासकाने याच कारणाने ३० ते ७० हा एकच पट्टा नाकारला. तेजीत आरएसआय साधारण ४० ते ८० मध्ये आणि मंदीत २० ते ६० मध्ये फिरतो, अशी त्याची मांडणी आहे.

पण कधी कधी संकेत खरा ठरतो, त्याचे काय?

ठरतो. १५ जानेवारी २०२४ ला निफ्टी २२,०९७.४५ वर बंद झाला, तेव्हा आरएसआय ७५ च्या जवळपास होता. दोनच दिवसांनी, १७ जानेवारीला निफ्टी ४६० अंशांनी कोसळला. मात्र त्या पडझडीचे मोठे कारण होते एचडीएफसी बँकेचे तिमाही निकाल. निकालांनंतरच्या सत्रात हा शेअर ८ टक्क्यांहून अधिक पडला आणि निफ्टीत या बँकेचा भार मोठा आहे. बंद भावांच्या बेरजेतून बनलेल्या आकड्याला ते निकाल आधी कळणे शक्य नव्हते. आणखी एक बाब : डिसेंबरमध्ये याहून वरच्या आकड्यांवर बाजार चढत राहिला आणि जानेवारीत तुलनेने कमी आकड्यावर पडला. आकडा जितका मोठा तितकी घसरण जवळ, हा हिशेबही त्यामुळे टिकत नाही.

मग आरएसआय वाचायचा कसा?

पहिला प्रश्न आरएसआयचा नाहीच. बाजार पट्ट्यात आहे की एका दिशेने निघाला आहे, हे भावाच्या आलेखावरून आधी ठरवावे. मागील काही महिन्यांत प्रत्येक नवे शिखर आधीच्या शिखरापेक्षा उंच आणि प्रत्येक नवा तळ आधीच्या तळापेक्षा वर असेल, तर ७० हा विक्रीचा इशारा मानू नये.

दुसरे, रेष ७० च्या वर जाण्याला नव्हे, तर वर गेल्यावर ती पुढे काय करते याला महत्त्व द्यावे. वाइल्डर यांनी स्वतः यासाठी एक खूण दिली आहे. समजा, आरएसआय ७८ पर्यंत गेला, ६६ पर्यंत उतरला, पुन्हा चढला पण ७३ वरच अडखळला. ७८ ओलांडता आले नाही, म्हणजे चढत्या दिवसांचा जोर कमी झाला. त्यानंतर रेष ६६ च्याही खाली गेली, तर तेजीचा दम ओसरल्याचा तो बराच भक्कम पुरावा. तोही हमी देत नाही, पण नुसत्या ७० पेक्षा त्यात जास्त माहिती असते.

‘ओव्हरबॉट’ या शब्दाला म्हणूनच आमचा आक्षेप आहे. तो निकाल दिल्यासारखा वाजतो. आकडा मात्र फक्त झालेल्या प्रवासाचे वर्णन करतो. गाडीचा काटा १०० वर आहे यावरून ती वेगात आहे एवढे कळते, पुढे वळण आहे की सरळ रस्ता, हे काटा सांगत नाही. ॲपनी हा शेरा लाल रंगात दाखवण्याऐवजी ‘मागील १४ सत्रांत वाढीचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक’ असे लिहिले, तर ते गणिताशी अधिक प्रामाणिक ठरेल. तोवर ही ओळ वाचकांनी स्वतःच मनात वाचावी आणि विकण्याचे कारण दुसरीकडे शोधावे.

(हा लेख केवळ माहितीसाठी आहे. यातील उदाहरणे म्हणजे खरेदी-विक्रीचा सल्ला नव्हे.)