बॉसचा पाय भाजला, आता हसा!

रात्री साडेआठ-नऊला घरी पोचलेल्या माणसाला कॉमेडी हवी असते, पण कुठलीही चालत नाही. कथानक लक्षात ठेवायला लावणारी नको, मागून धो-धो हसणारी रेकॉर्डेड पब्लिक नको, आणि पंचवीसेक मिनिटांत संपली पाहिजे, कारण पोळीभाजी गार होतेय. या सगळ्या अटींत बसणारं एक नाव मी मित्रमंडळींना इतक्यांदा सांगितलंय की ते आता मला टाळतात. तरी पुन्हा सांगते. ‘द ऑफिस’, अमेरिकन आवृत्ती. पण थांबा, पहिल्या भागापासून सुरू करू नका.

का, ते सांगते. मूळ ‘द ऑफिस’ ब्रिटिश. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट या जोडीने २००१मध्ये बीबीसीसाठी केलेली. स्लाव नावाच्या कंटाळवाण्या गावातली कागद विकणारी कंपनी, डेव्हिड ब्रेंट नावाचा स्वतःला भयंकर विनोदी समजणारा बॉस, आणि हे सगळं जणू एक डॉक्युमेंटरी टीम शूट करतेय. एकूण भाग फक्त चौदा. ग्रेट आहे, पण कडू आहे. ब्रेंट बोलायला लागला की आपल्याच पोटात खड्डा पडतो. ती मालिका रविवारी दुपारी, झोप पूर्ण झाल्यावर बघायची.

अमेरिकेत ग्रेग डॅनियल्सने २००५मध्ये तिची आवृत्ती आणली, तेव्हा पहिला भाग जवळजवळ जसाच्या तसा उचलला. सहकाऱ्याचा स्टेपलर जेलीत घालून ठेवण्याची खोडी तीच, आणि रिसेप्शनिस्टला चोरीच्या आरोपावरून नोकरीवरून काढल्याचं नाटक करून तिला रडवणारा बॉसही तोच. स्टीव्ह कॅरेलचा मायकेल स्कॉट पहिल्या सहा भागांत म्हणूनच नकोसा वाटतो. दिवसभर असाच एक नमुना सहन करून आल्यावर तो पुन्हा घरी कशाला?

दुसऱ्या सीझनमध्ये मात्र लेखकांनी एक छोटासा स्क्रू फिरवला. मायकेल मूर्खच राहिला, पण त्याला एकटेपणा दिला. ‘ऑफिस ऑलिम्पिक्स’ नावाच्या भागात तो घर विकत घ्यायला बाहेर जातो आणि मागे स्टाफ ऑफिसातच खेळांच्या स्पर्धा भरवतो, दह्याच्या डब्यांच्या झाकणांची पदकं करून. मायकेल परत येतो तो कर्जाच्या विचाराने पार गळालेला. शेवटी ही पोरं त्यालाही, घर घेतल्याबद्दल, झाकणाचं सुवर्णपदक घालतात आणि त्याचे डोळे भरून येतात. हा भाग पाहिला की पुढच्या सगळ्या माकडचेष्टा माफ करता येतात. सुरुवात इथून करा.

आता आपला आजचा मेन कोर्स. दुसऱ्याच सीझनचा ‘द इंज्युरी’, २००६चा. लिहिलाय मिंडी कॅलिंगने, म्हणजे पडद्यावरच्या बडबड्या केली कपूरनेच. सकाळी मायकेलचा फोन येतो : माझा पाय भाजलाय, कुणीतरी न्यायला या. कशाने भाजला? तर त्याला खमंग बेकनच्या वासाने जागं व्हायला आवडतं. पण घरी नोकर नाही. म्हणून तो रात्री पलंगाशेजारी इलेक्ट्रिक ग्रिल मांडून त्यात बेकन ठेवतो, सकाळी उठून स्विच लावतो आणि परत झोपतो. त्या दिवशी उठताना पाय थेट ग्रिलवर पडला, झाकण मिटलं, चर्र! हे तो कॅमेऱ्यात बघून इतक्या गंभीरपणे सांगतो, की यात चूक काय, असं क्षणभर आपल्यालाही वाटतं.

इकडे त्याचा परमभक्त ड्वाइट त्याला आणायला धावतो आणि पार्किंगमध्येच गाडी खांबावर घालतो. डोक्याला मार बसतो. आणि मग खरी गंमत. एरवी अत्यंत खडूस असलेला ड्वाइट त्या माराने चक्क गोड वागायला लागतो. पॅमशी मैत्री वगैरे करतो! ऑफिसात एक माणूस डोक्याला मार लागून बदललाय, आणि बॉस प्रत्येकाला आपला बबल-रॅपमध्ये गुंडाळलेला पाय दाखवत फिरतोय. ड्वाइटकडे लक्ष जातं ते पॅमचं. जिम त्याला हॉस्पिटलमध्ये घेऊन निघतो, मायकेल हट्टाने सोबत जातो आणि गाडीत इतका वात आणतो की जिमला त्याच्यावर पाण्याचा फवारा मारावा लागतो, मांजराला मारतात तसा. शेवटी ड्वाइट सीटी स्कॅनच्या यंत्रात झोपलेला असताना मायकेल हळूच स्वतःचा पाय आत सरकवायला बघतो.

थकलेल्या डोक्याला हे का झेपतं? एक म्हणजे कुणीही जोक सांगत नाही. तुम्हाला ओळखीचं एकच सत्य वाढत जातं : बॉसचा खरचटलेला पाय हा कर्मचाऱ्याच्या फुटलेल्या डोक्यापेक्षा मोठा असतो. दुसरं कारण कॅमेरा. काही आचरट घडलं की जिम फक्त कॅमेऱ्याकडे बघतो. भुवईसुद्धा नीट हलवत नाही. मीटिंगमध्ये समोरच्या टेबलावरच्या मैत्रिणीला आपण जो लुक देतो ना, तोच. म्हणजे त्या ऑफिसात तुम्हाला शहाण्यांच्या बाजूची खुर्ची मिळते. रेकॉर्डेड हसू ‘आता हसा’ म्हणून सांगतं, जिम नुसतं ‘पाहिलंस ना?’ विचारतो.

(आपल्याकडच्या ‘ऑफिस ऑफिस’ची खुर्ची काउंटरच्या दुसऱ्या बाजूला होती, हे मला फार उशिरा कळलं. २००१मध्ये सब टीव्हीवर आलेल्या त्या मालिकेत पंकज कपूरचा मुसद्दीलाल फाइल घेऊन बाहेर उभा, आणि आत आपल्या आसावरी जोशींच्या उषाजी आणि मंडळी कामचुकारपणाचा रियाज करत बसलेली. हसू भरपूर यायचं, पण ते नागरिकाचं हसू होतं, नोकरदाराचं नाही.)

हाच कॅमेरा कधीकधी दगा देतो, तेव्हा सावध राहा. सहाव्या सीझनमध्ये ‘स्कॉट्स टॉट्स’ नावाचा भाग आहे. मायकेलने दहा वर्षांपूर्वी गरीब घरच्या एका अख्ख्या वर्गाला कबूल केलेलं असतं की तुमची कॉलेजची फी मी भरेन. आता ती मुलं मोठी झालीत, त्याच्या सन्मानार्थ कार्यक्रम ठेवलाय, आणि याच्या खिशात पैसे नाहीत. देतो काय, तर लॅपटॉपच्या बॅटऱ्या! अनेक फॅन्स हा भाग सरळ वगळतात, मीही. इथे मार बसतो तो पगारी स्टाफला नाही, आशेने बसलेल्या मुलांना. आणि नजर देऊन आपल्याला सोडवणारा जिमही त्या वर्गात नाही. चौथ्या सीझनमधला ‘डिनर पार्टी’ही तसाच जड आहे, कारण सगळे बॉसच्या घरात अडकलेत आणि तो व त्याची गर्लफ्रेंड पाहुण्यांसमोर भांडताहेत. भाग अफलातून आहे, फक्त अप्रेझलच्या आठवड्यात नको.

तेव्हा माझा साधा नियम : पहिली पाचेक मिनिटं बघा. गोंधळ ऑफिसातल्या ऑफिसात असेल, तर चालू ठेवा. मायकेल बाहेरच्या कुणाला काही कबूल करायला निघाला, की दुसरा भाग लावा. एकूण २०१ भाग आहेत, तुटवडा नाही. पण कॅरेलने २०११मध्ये, सातव्या सीझनमध्ये मालिका सोडली, आणि त्यानंतरचे दोन सीझन मी तरी एकदाच पाहिलेत, तेही इस्त्री करताना.

आज रात्री ‘द इंज्युरी’ लावणार असाल, तर एकच. मायकेल ग्रिलची गोष्ट सांगायला लागला की तोंडात घास ठेवू नका.