शांत झोपते म्हणून उपाशी राहते

जुळ्यांच्या घरी पाऊल टाकलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "हा फार रडवा आहे हो, पण ती मात्र गुणाची. निजली की निजली." मनोरीत काम करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी आधी वजनाचं कार्ड मागते. कारण कमी वजनाच्या, लवकर जन्मलेल्या बाळाचं फार झोपणं हा गुण नसतो. ती भुकेची खूण असू शकते. आणि ते बाळ मुलगी असलं, तर ही खूण कुणाच्या लक्षात येण्याची शक्यता आणखी कमी होते.

जुळ्यांच्या झोपेविषयी बायकांना मिळणारा सल्ला दोन वाक्यांत संपतो. एक, झोपलेल्या बाळाला उठवू नये. दोन, बाळं झोपली की आईनंही झोपून घ्यावं. एका बाळाच्या आईला हे थोडंफार उपयोगी पडत असेल. जुळ्यांच्या आईच्या बाबतीत पहिलं वाक्य घातक ठरू शकतं आणि दुसरं निव्वळ थट्टा आहे. दोघं एकदम झोपतच नाहीत, मग तिनं झोपायचं कधी? आणि दोघांना एका वेळेवर आणायचं तर एकाला उठवावंच लागतं. तिथं पहिलं वाक्य आडवं येतं.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातलं एक घर सांगते. नावं सांगत नाही. मासळी विकणारी बाई, नवरा यांत्रिक बोटीवर, घरात सासू. मे महिन्याच्या शेवटी जुळं झालं, मुलगा आणि मुलगी, दिवस भरायच्या चार आठवडे आधी. मुलगा २ किलो २००, मुलगी बरोबर २ किलो. वजनात म्हणाल तर फार फरक नाही. पहिल्या आठवड्यात नवजात बाळाचं वजन थोडं उतरतं, तसं दोघांचंही उतरलं आणि चौदाव्या दिवसापर्यंत दोघंही जन्माच्या वजनावर परत आली. म्हणजे सुरुवात सारखीच झाली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, बाळं पाच आठवड्यांची असताना, मी कार्ड पाहिलं. मुलगा २ किलो ९००, मुलगी २ किलो २५०. एकवीस दिवसांत त्यानं ७०० ग्रॅम मिळवले होते, तिनं २५०. या वयात बाळाचं वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. तिचं बारा ग्रॅमनं वाढत होतं. दोघांचं दूध एकाच आईचं, दोघांचं घरही एकच. मग फरक कुठून आला?

फरक आला झोपेतून. मुलगा दर अडीच तासांनी ओरडून उठत होता आणि दिवसरात्रीत नऊ-दहा वेळा पीत होता. मुलगी पाच वेळा. ती रडत नव्हती, म्हणून तिला कुणी उठवत नव्हतं. कमी पिणाऱ्या बाळाला रडायलाही ताकद राहत नाही. ते आणखी झोपतं, आणखी कमी पितं, आणि लोक म्हणतात, किती शांत! लंगोट मोजायला सांगितले तेव्हा तिचे दिवसरात्रीत चार ओले निघाले. सहाच्या खाली आकडा आला की दूध कमी पडतंय असं धरावं. हे मोजायला काटा लागत नाही, डॉक्टर लागत नाही.

सासूबाईंना मी म्हटलं, मावशी, हिला त्याच्याबरोबर उठवायला हवं. त्या म्हणाल्या, "निजू दे की तिला. एक रडतो तो पुरे नाय? दोघं उठली तर ही बाई मरंल." यात दुष्टपणा नव्हता. सुनेची काळजीच होती. पण त्या काळजीचा हिशोब चुकीचा होता, आणि तो मांडून दाखवल्याशिवाय नुसतं स्त्री-पुरुष समानतेचं भाषण देऊन काही उपयोग नव्हता. म्हणून आम्ही तिघी बसलो आणि आदल्या रात्रीचा हिशोब केला.

मुलगा रात्री १०, साडेबारा, ३ आणि साडेपाचला उठला. मुलगी साडेअकरा आणि सव्वाचारला. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा निजवणं, हे एका बाळाला चाळीस मिनिटं धरा. मग आईला झोपेचे तुकडे मिळाले ते असे: पन्नास मिनिटं, वीस मिनिटं, एक तास पन्नास मिनिटं, पस्तीस मिनिटं आणि पुन्हा पस्तीस मिनिटं. सगळे मिळून चार तास दहा मिनिटं, तेही पाच तुकड्यांत. आता दोघांना एकदम उठवलं तर? ९, १२, ३ आणि ६. दोघांचं मिळून एका वेळी एक तास लागेल. मग झोप १० ते १२, १ ते ३ आणि ४ ते ६. दोन-दोन तासांचे तीन तुकडे, म्हणजे सहा तास. दिवसरात्रीचा हिशोबही तसाच. आई एरवी पंधरा वेळा उठत होती, आता आठ वेळा उठेल, आणि मुलगी पाचाऐवजी आठ वेळा पिईल. मुलीला उठवल्यानं आईची झोप जात नाही, वाढते. सासूबाईंनी हा हिशोब बोटांवर दोनदा करून पाहिला आणि मग काही बोलल्या नाहीत.

आता रीत सांगते. ती अवघड नाही. जो आधी उठेल त्याच्या भुकेनं वेळ ठरते. त्याला घेतानाच दुसऱ्याला उठवायचं, फार तर पंधरा मिनिटांच्या अंतरानं. झोपाळू बाळ नुसतं स्तनाला लावलं तर दोन घोट घेऊन पुन्हा झोपतं, म्हणून आधी दुपटं सोडायचं, लंगोट बदलायचा, तळपाय चोळायचे, उघडं करून छातीशी धरायचं. मधेच पेंगलं तर ढेकर काढून दुसऱ्या बाजूला घ्यायचं. कोण आधी आणि कोण कुठल्या बाजूला, हे दर वेळी बदलायचं. नाहीतर जोरात ओढणारा नेहमी भरलेली बाजू घेतो आणि उरलेलं बहिणीला. या घरात मुलगी ओढायला कमी पडत होती, म्हणून पाजून झाल्यावर आई थोडं दूध पिळून काढायची आणि सासूबाई ते वाटी-चमच्यानं मुलीला पाजायच्या. वेळा घड्याळाला चिकटून बसत नाहीत. अर्ध्या तासाचा मागेपुढेपणा राहतोच. पण तीन तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही.

उठवूनही बाळ उठलं नाही, तोंडात दूध घेईना, अंग गार किंवा फार गरम लागलं, तर ही रीत करत बसायचं नाही. त्याच घडीला दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. मनोरीतून रात्री निघणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. मार्व्याची फेरी नसेल तर उत्तन-भाईंदरचा लांबचा रस्ता. म्हणूनच सकाळवर ढकलायचं नाही आणि गाडी कुणाची मिळेल ते आधीच विचारून ठेवायचं.

राहिला प्रश्न एकाच्या रडण्यानं दुसरं उठण्याचा. या भीतीपोटी घराघरांत मुलाला पाळण्यात आणि मुलीला दाराजवळ किंवा शेजारी आत्याकडे झोपवलेलं मी पाहिलंय. काही ठिकाणी तर एकाला सरळ आजोळी पाठवतात. कुणाला ते सांगायला नको. खरं म्हणजे गाढ झोपलेलं बाळ शेजारच्या रडण्यानं दर वेळी उठत नाही, आणि जुळी एकमेकांच्या आवाजाला लवकर सरावतात. रडू झालं की मोठी माणसंच घाबरून झोपलेल्याला उचलतात आणि जागं करतात. दोघांना एकाच खोलीत ठेवावं, पण वेगवेगळ्या सपाट अंथरुणांवर, उताणं, उशीशिवाय. मोहरीची उशीसुद्धा नको. एका झोळीत दोघांना तर कधीच नको. झोळी मधे खोल जाते, दोघं एकमेकांवर घरंगळतात आणि धाकट्याचं नाक दबतं. दारू पिऊन आलेल्या माणसाच्या कुशीत बाळ झोपवू नये, हेही इथं स्पष्ट लिहिते.

आणि आता त्या माणसाविषयी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. म्हणजे या मुलांचा बाप त्यांच्या आयुष्याचे पहिले दोन महिने घरीच होता. जाळी विणत होता, पत्ते खेळत होता, आणि रात्री "सकाळी काम आहे" म्हणून आतल्या खोलीत झोपत होता. त्यानं काय करायला हवं होतं? पाजणं सोडून बाकी सगळं. पहिलं बाळ प्यायलं की त्यानं घ्यायचं, ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, निजवायचं. तोवर आई दुसऱ्याला पाजते. एका तासाचं काम तिच्यापुरतं चाळीस मिनिटांवर येतं आणि दर तुकड्यात तिची वीस मिनिटं झोप वाढते. रात्रीत एक तास. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. त्याच्या आईनं सांगितलं तेव्हा उठला. जुलैचे उरलेले तीन आठवडे तो उठत राहिला. महिनाअखेरीला मुलगी २ किलो ८०० भरली. म्हणजे तीन आठवड्यांत ५५० ग्रॅम.

एक ऑगस्टला बोट गेली. मग रात्रीची पाळी सासूबाईंवर आली, म्हणजे पुन्हा एका बाईवर. हा प्रश्न एका कोळ्याचा नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार बाईची बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, पण जुळ्यांसाठी त्यात एक दिवसही जास्त नाही. पाटी घेऊन मालाडच्या बाजारात बसणाऱ्या बाईला तर पगारी रजा हा शब्दच लागू नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी नोकरीतल्या बापासाठी तसा सर्वसाधारण कायदाही नाही. रात्री जागणं हे बाईचंच काम, असं कुणी कायद्यात लिहिलेलं नाही. रजा न देऊनच ते लिहिलं गेलंय.

दिवस-रात्रीची जाण बाळाला साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला येऊ लागते, आणि लवकर जन्मलेल्यांचे महिने दिवस भरायच्या तारखेपासून मोजायचे. म्हणजे या घरात जूनच्या अखेरीपासून. वजन नेमानं वाढू लागलं आणि डॉक्टरांनी होकार दिला, की रात्रीचं उठवणं कमी करता येतं. तोवर नाही.

मैत्रिणींनो, आपल्या मंडळांनी एवढं करावं. वस्तीत जुळं जन्मलं की बारशाला जाताना दोन्ही कार्डं मागावीत आणि दोन्ही वजनं शेजारी शेजारी लिहावीत. दिवसरात्रीत कोण किती वेळा प्यायलं ते विचारावं. आणि "ती फार शांत आहे" असं उत्तर आलं, तर चहा बाजूला ठेवून आधी तिला उठवावं.