जडपणा ६०० आला, पण त्यात मॅग्नेशियम किती?

उन्हाळ्यात विहिरी खाली गेल्या की ग्रुपवर किटचे फोटो येतात, "जडपणा ६००, काय करू?" माझं मत स्पष्ट आहे. शेतीसाठी हा एकटा आकडा अर्धवट आहे. कॅल्शियम वेगळं मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

आधी आकडा समजून घ्या. किटवरचा जडपणा म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळून, पण कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. पिण्याच्या पाण्याची २०० आणि ६०० ही मर्यादा पिण्यासाठी आहे, रानासाठी नाही. टीडीएस मीटरवरूनही जडपणा कळत नाही.

ज्या थेंबांच्या किटमध्ये दोन चाचण्या असतात, तेच किट घ्या. पहिलीत लालसर पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजायचे, हा एकूण जडपणा. दुसरीत कॉस्टिकचं द्रावण आधी टाकतात. त्याने मॅग्नेशियम बाजूला बसतं आणि फक्त कॅल्शियम मोजलं जातं.

समजा एका थेंबाला २० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहेत. पहिल्या चाचणीला ३० थेंब लागले, म्हणजे ६००. दुसरीला १० लागले, म्हणजे २००. उरलेले ४०० मॅग्नेशियमचे. दोन्हींना ५० ने भागा: कॅल्शियम ४, मॅग्नेशियम ८ मिलीइक्विव्हॅलंट. म्हणजे मॅग्नेशियम दुप्पट. शेजारच्या विहिरीला एकूण ६०० च, पण कॅल्शियमचे ४०० असले, तर हिशोब उलटा. आकडा एकच, पाणी वेगळं.

मॅग्नेशियम कॅल्शियमपेक्षा जास्त झालं की आपल्या काळ्या, चिकण रानात सावध व्हायचं. सोडियमही असेल तर माती लवकर विस्कटते, पाणी वरच तुंबतं, वाळल्यावर ढेकळं दगडासारखी होतात. राहुरी, श्रीरामपूरकडच्या जुन्या बागायती पट्ट्यात चिबड रानं कुणाला नवीन नाहीत. तिथे ही विभागणी बघाच.

थेंब फार लागले तर रंग नीट कळत नाही. अर्धं पाणी आणि अर्धं बॅटरीचं पाणी घ्या, आलेला आकडा दुप्पट करा. आरओचं पाणी नको, त्यात थोडा जडपणा राहतो.

किट सोडियम आणि बायकार्बोनेट सांगत नाही. ठिबकच्या नळीत पांढरा थर बसेल का, हे बायकार्बोनेटशिवाय ठरत नाही. म्हणून मॅग्नेशियम जास्त निघालं तर पाणी आणि माती दोन्हींचे नमुने प्रयोगशाळेत द्या. जिप्समचा डोस मातीच्या अहवालावरच ठरवा.

आणि ६०० चा आकडा दाखवून कुणी मिठावर चालणारा सॉफ्टनर गळ्यात मारत असेल, तर रानासाठी मुळीच घेऊ नका. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. पाणी मऊ होईल, रान मात्र बिघडेल.

तुमचे दोन्ही आकडे कमेंटमध्ये टाका, हिशोब मिळून करू.