टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनआधीचा प्रश्न

थकवा येतो, कामेच्छा घटली आहे आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी आहे, म्हणून 32 वर्षांच्या एखाद्या पुरुषाला त्याच संप्रेरकाची इंजेक्शने सुरू होतात. तरतरी येते, पण काही महिन्यांनी वीर्य तपासणीत शुक्राणू शून्य! बाहेरून संप्रेरक मिळू लागले, की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना चालना देणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके जवळपास बंद करते. इंजेक्शने थांबवल्यावर शुक्राणू बहुधा परततात. पण त्याला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

मूल हवे असेल, तर वृषणांनाच कामाला लावणारा उपचार हवा. एलएच कमी किंवा सामान्य असेल, तर मुळात स्त्रियांसाठी आलेली क्लोमिफीनची गोळी पिट्युटरीला जागे करू शकते. पिट्युटरीच निकामी असेल, तर एलएचचे काम करणारे एचसीजीचे इंजेक्शन लागते, कधी जोडीला एफएसएचही. एलएच आधीच वाढलेले असेल, तर दोष वृषणांतच असतो. तिथे या दोन्हींचा फारसा उपयोग नाही.

म्हणून टेस्टोस्टेरॉन लिहून देण्याआधी डॉक्टरांनी एलएच तपासावे आणि ‘पुढे मूल हवे आहे का?’ हे विचारलेच पाहिजे.