बाईंना शेवगा चालत नाही

मागच्या मार्गशीर्षात एका लग्नाला गेले होते. सांगलीजवळच्या गावात, मांडव, पंगत, सगळं रीतसर. आमटी घेऊन वाढपी माझ्यापाशी आला तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, बाईंना शेवग्याची आमटी वाढू नकोस, त्यांना चालत नाही."

वळून पाहिलं तर पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ हात जोडून उभा. १९८५ साली आठवीत माझ्या वर्गात होता. चाळीस वर्षं झाली! मला त्याचं नाव आठवेना, आणि त्याला माझं जेवणाचं पथ्य आठवत होतं. मी अगदी विरघळून गेले. आमटी न घेता वरण-भातावर भागवलं आणि परतीच्या वाटेवर सुनेला निदान चार वेळा तरी ते सांगितलं.

सून ऐकून घेत होती. मिरज आल्यावर म्हणाली, "आई, त्यानं तुम्हाला काय काय विचारलं?"

मी आठवू लागले. मी सध्या कुठे असते, मुलं काय करतात, हे गेल्याचं त्याला ठाऊक आहे का... यातलं काहीच त्यानं विचारलं नव्हतं. नमस्कार केला, शेवग्याचं बोलला, पाहुण्यांत गेला. मला सुनेचा जरा रागच आला. (ती बँकेत आहे, जमा आणि नावे दोन्ही बाजू बघायची सवय आहे तिला.) पण बोलली त्यात तथ्य होतं. आपण मागे कधीतरी सहज बोललेली बारीकशी गोष्ट कुणी लक्षात ठेवली की आपण लगेच धरून चालतो की या माणसाला आपल्याबद्दल आस्था आहे. खरंच असते का?

आम्हाला बी.एड.ला एबिंगहाउस नावाचा एक जर्मन मानसशास्त्रज्ञ होता. त्यानं स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते छापले. अर्थ नसलेले अक्षरगट पाठ करायचे, काही वेळ जाऊ द्यायचा आणि तेच पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजायचं. तासाभरातच निम्म्याहून अधिक कष्ट वाया गेलेले दिसले. महिन्यानं जेमतेम पाचवा हिस्सा हाती राहिला. आपलं बोलणं अर्थहीन नसतं, त्यामुळे ते थोडं अधिक टिकत असेल. तरी एकदाच कानावर पडलेलं वाक्य चाळीस वर्षं आपल्या आपण टिकत नाही. ते टिकलं असेल तर एक तर ते ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या कशाला तरी अडकलेलं असतं, नाही तर मधल्या काळात त्याची उजळणी झालेली असते. म्हणून कुणाला आपलं काही आठवलं की विचारायचा प्रश्न असा, की याची उजळणी कुणी करून घेतली?

उजळणी कशी होते ते माझं मलाच पक्कं ठाऊक आहे. शाळेत माझी ख्याती होती, "बाईंना सगळ्यांचं सगळं आठवतं." पालकसभेला कुणाची आई आली की मी म्हणायची, "धाकटीच्या कानाचं आता कसं आहे?" बाईचे डोळे भरून यायचे. त्यामागचं गुपित म्हणजे शंभर पानी वही. वर्गात, मधल्या सुट्टीत जे कानावर येई ते संध्याकाळी दोन ओळींत लिहायचं आणि सभेच्या आदल्या रात्री वाचून काढायचं. पुढे कळलं की अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांची १९३२ सालची निवडणूक मोहीम सांभाळणारे जेम्स फार्ली भेटलेल्या माणसांच्या बारीकसारीक गोष्टी टिपून ठेवत आणि पुढच्या भेटीआधी चाळत. अशा नोंदींना तिकडच्या राजकारणात त्यांचंच नाव पडलं. आपल्याकडचे विम्याचे एजंट फार्लींचं नाव न ऐकताही तेच करतात, आणि बिचाऱ्यांना आपण ढोंगी म्हणतो.

मी माझ्या वहीला ढोंग म्हणणार नाही. लिहायला रोज अर्धा तास जात होता आणि तो मीच देत होते. पण निवृत्तीनंतर त्या वह्या पुन्हा चाळल्या तेव्हा एक गोष्ट टोचली. हुशार मुलांची पानं गच्च भरलेली होती, आणि मागच्या बाकावरच्या कित्येकांपुढे नुसतं नाव. माझी आस्था कुणात होती आणि कुणात नव्हती ते आठवण्यावरून कुणाला कळलं नसतं. वहीतल्या कोऱ्या जागांवरून मात्र स्वच्छ दिसत होतं.

आता याच्या उलट आमचे हे. यांना नाव म्हणून कुणाचं लक्षात राहत नसे, सख्ख्या भाच्याचंसुद्धा नाही. त्यावरून आमची भांडणं झाली आहेत. तुम्हाला माणसांची पर्वाच नाही, असं मी म्हणायची. पण रात्री जेवताना हेच विचारायचे, "त्या पाय मोडलेल्या पोराचं काय झालं? प्लास्टर काढलं का?" मी महिन्यापूर्वी एकदा बोललेली असायची. नाव हरवलेलं, पोरगा आणि त्याचा पाय जागच्या जागी.

नाव हरवणं हा गुन्हा नाही हे मला फार उशिरा कळलं. १९८७ साली इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि प्रत्येकाचं आडनाव व धंदा सांगितला. गंमत अशी की काही शब्द दोन्हीकडे चालणारे होते. म्हणजे आपल्याकडे ‘सुतार’ हे आडनावही असतं आणि कामही, तसं. तोच शब्द धंदा म्हणून सांगितला तर चेहरा पाहून लोकांना जास्त आठवला, आडनाव म्हणून सांगितला तर कमी. यावर माझ्या परीनं मी लावलेला अर्थ असा: सुतारकाम म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास असं पुष्कळ काही डोक्यात जागं होतं आणि चेहऱ्याला चिकटतं. सुतार हे आडनाव नुसतंच लटकत राहतं. यांचंही तसंच होत असावं. पायाला गोष्ट होती, नावाला नव्हती.

आणि यांच्या आठवणीला शेपटी असायची, प्रश्नाची. ‘पुढे काय झालं?’ मला वाटतं, आस्थेची खूण असेल तर ती तिथे आहे. नुसतं आठवलेलं तपशील-वाक्य हे जुन्या फोटोसारखं, ज्या दिवशी काढला त्या दिवशीचं. ज्याला खरोखर तुमच्यात रस आहे त्याला शंका येते की चाळीस वर्षांत हे बदललं असेल. तो विचारतो, "अजून चालत नाही का हो तुम्हाला?"

हे सगळं मनात घोळत राहिलं. शेवटी लग्नघरातून त्या विद्यार्थ्याचा नंबर मिळवला आणि फोन केला. कारण मला एक गोष्ट कुरतडत होती, जी मी सुनेलाही सांगितली नव्हती. मला शेवगा चालतो. चालतो काय, आवडतो. शेंगांवरचं पथ्य मला जन्मात कधी नव्हतं. मग त्याला ते आठवावं कुठून?

मी विचारलं, "अरे, माझं ते शेवग्याचं तुझ्या इतकं कसं लक्षात राहिलं?"

तो हसला. म्हणाला, "बाई, आमच्या परड्यात झाड होतं. आईनं तुमच्यासाठी जुडी बांधून दिली होती. तुम्ही वर्गात म्हणालात, मला चालत नाहीत, घरी घेऊन जा."

तेव्हा मला उलगडलं. मुलांकडून भाजी, दूध, काही घ्यायचं नाही असा माझा नियम होता. एकाचं घेतलं तर न आणणाऱ्याला वाटतं आपले मार्क जातील. नियम सांगितला तर मूल ओशाळतं, म्हणून मी काहीबाही कारण सांगायची. कुणाला दूध पचत नाही, कुणाला वांगं सोसत नाही. त्या दिवशी शेवग्याचा नंबर लागला असणार. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

"मग घरी नेल्यास?"

"नाही बाई. आईला वाईट वाटलं असतं. ओढ्यात टाकल्या. घरी सांगितलं, बाईंनी घेतल्या. मग दरवर्षी झाडाला शेंगा लागल्या की आई विचारायची, तुझ्या बाईंना आवडल्या होत्या ना रे? मी म्हणायचो, हो. आई जाईपर्यंत विचारायची."

उजळणी कुणी करून घेतली ते कळलं. एबिंगहाउसनंच दाखवलं होतं की एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांचं अंतर ठेवून केलेली उजळणी कमी कष्टात काम करते. इथे तर वर्षावर्षाचं अंतर होतं. दर हंगामाला एक आई, एक प्रश्न, आणि एक खोटं उत्तर. त्याला आठवत होतं ते माझं पथ्य नव्हतंच. त्याला ती जुडी आठवत होती, आणि आई. मी त्या गोष्टीत जेमतेम एका वाक्यापुरती होते, तेही खोट्या.

म्हणजे त्याला माझ्याबद्दल काही वाटत नव्हतं का? तसंही म्हणवत नाही. ज्या वाक्यानं तेरा वर्षांच्या पोराला जुडी घेऊन परत पाठवलं, त्याच वाक्याचा वापर त्यानं मांडवात माझ्या पोटाची काळजी घ्यायला केला. दुसरा एखादा गप्प बसला असता. पण ही त्याची चांगुलपणाची रीत झाली, आस्था नव्हे, आणि दोन्हींत मी गल्लत केली होती.

थोडा वेळ विचार केला, सांगावं की नको. चाळीस वर्षं झाकलेलं उघडून कुणाचं भलं होणार? पण त्यानं त्याचं खोटं सांगून टाकलं होतं, मी माझं दडवून ठेवणं बरं दिसेना.

म्हटलं, "अरे, मला शेवगा चालतो."

पलीकडे एकदम शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाला, "मग त्या लग्नात?"

"वरण-भात खाल्ला. तुझा मान ठेवायचा होता."

पुन्हा गप्प. आणि मग, अगदी आठवीतल्या मुलाच्या आवाजात, "मग बाई, तेव्हा नको का म्हणालात?"

मी खुर्ची ओढून बसले आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागले. तो मधेमधे अडवत होता, विचारत होता, की मग इतर मुलांना काय सांगायचात, सर काही म्हणायचे का, आता कुणाजवळ असता. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजायचं राहून गेलं.